स्क्रिप्टमागचं शेवटचं पान: थिएटर, यूट्यूब आणि रीलसाठी फाइल कशी द्यायची

शॉर्टफिल्मची स्क्रिप्ट पक्की झाली की तिच्या शेवटच्या पानामागे मी आणखी एक पान टाचतो. वर तारीख आणि खाली तीन रकाने: थिएटर, यूट्यूब, रील. फिल्म कुठे कुठे जाणार आणि तिथे फाइल कशी लागणार, ते या पानावर शूटच्या आधीच लिहायचं. एडिट संपल्यावर "आता एक्सपोर्ट कसं करू?" असे फोन येतात, तोवर निम्म्या गोष्टी हातातून गेलेल्या असतात. कॅमेऱ्यात चुकलेला फ्रेम रेट एक्सपोर्टच्या खिडकीत सुधारत नाही.

पान कसं भरायचं ते एक स्क्रिप्ट समोर ठेवूनच सांगतो. तिचं नाव ‘गिरणी’ धरू. पानं अकरा, म्हणजे ढोबळमानाने अकरा मिनिटं. गावात पिठाची गिरणी चालवणारी बाई, दुबईला गेलेला मुलगा, दिवाळीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. फिल्म आधी फेस्टिव्हलांना पाठवायची, वर्षभराने यूट्यूबवर टाकायची, आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची उभी रील करायची.

आधी लाल पेन

स्क्रिप्ट पुन्हा एकदा वाचायची, पण यावेळी गोष्टीसाठी नाही. चार गोष्टी दिसल्या की समासात खूण करायची: दिव्यांचा उजेड, पडद्यावर वाचायचा मजकूर, फ्रेमच्या दोन टोकांना उभी माणसं, आणि फार मोठा किंवा फार बारीक आवाज.

‘गिरणी’त अशा खुणा पटापट सापडतात. सीन २ मध्ये गिरणीत ट्यूबलाइट आहे आणि मोटर सुरू आहे. सीन ५ मध्ये बाई एका टोकाला आणि गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला, मध्ये तराजू. सीन ७ मध्ये फोनवर मुलाचा मेसेज: "यंदा येणं जमत नाही." सीन ९ मध्ये रात्री माळवदावर ती स्वतःशीच पुटपुटते. शेवटच्या पानावर जे लिहायचं ते या पाच-सहा खुणांमधूनच निघतं, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे सीन नंबर टाकायची सवय लावून घ्या.

फ्रेम रेट: एकच आकडा, सगळ्यांना बांधणारा

फिल्म थिएटरात लागणार असेल तर पानावर पहिली ओळ २४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम. थिएटरचा प्रोजेक्टर जी फाइल चालवतो तिला डीसीपी म्हणतात, आणि २४ हा तिचा सगळ्यात बिनधोक वेग आहे. २५ चीही डीसीपी बनते, पण ती जुन्या प्रकारात बांधली तर प्रत्येक थिएटरच्या सर्व्हरवर चालेलच असं नाही. मग २५ ची फिल्म २४ वर आणायची तर ती चार टक्के हळू होते: अकरा मिनिटांची फिल्म अकरा मिनिटं साडेसत्तावीस सेकंदांची होते आणि आवाज न सुधारल्यास सगळे थोडे जड गळ्याने बोलतात. फिल्म फक्त यूट्यूबवरच जाणार असेल तर मात्र २५ घ्या, आपल्याकडच्या विजेशी त्याचं चांगलं जमतं.

या विजेमुळेच सीन २ च्या ट्यूबलाइटवर खूण केली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. कॅमेऱ्याचा शटर १/५० ठेवला तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन उजाळे मावतात आणि उजेड स्थिर दिसतो. शटर १/६० वर राहिला तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला कमी-जास्त उजेड येतो आणि भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. शटर अंशांत मोजणारा कॅमेरा असेल तर २४ साठी १७२.८ अंश. पानावर लिहा: "सीन २, शटर १/५०". कॅमेरामनला हे माहीत असतंच, पण पहाटे चारच्या कॉलटाइमला कुणालाही काहीही माहीत नसतं.

दुसरा सापळा कॅमेऱ्याच्या मेनूत आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘24p’ निवडलं तरी आत २३.९७६ चालू असतं. दोघांतला फरक हजारात एक. पण थिएटरसाठी चित्र नेमक्या २४ वर चालवलं आणि आवाज जुन्याच वेगाने राहिला, तर अकरा मिनिटांच्या शेवटी ओठ आणि शब्द यांत अर्ध्या सेकंदाहून जास्त अंतर पडतं. माझ्या पहिल्या फिल्मचं हेच झालं. सुरुवातीला सगळं ठीक, सहाव्या मिनिटाला काहीतरी खटकायला लागलं, आणि शेवटच्या सीनमध्ये माणूस तोंड मिटल्यावर बोलत होता. म्हणून शूटच्या आदल्या दिवशी दहा सेकंदांची टेस्ट क्लिप घ्या आणि कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये, ffmpeg या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या ffprobe ने तपासा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate test.mov
```

दोन्ही ओळींत `24/1` आलं तर बरोबर. `24000/1001` आलं तर ते २३.९७६ आहे. दोन ओळींत वेगवेगळे आकडे आले तर बहुधा फ्रेम रेट सतत बदलतोय. मोबाइलवर शूट केलेल्या क्लिपमध्ये हे हमखास होतं, अशी क्लिप टाइमलाइनवर घेण्याआधी स्थिर २४ मध्ये बदलून घ्यायची.

आडवी फ्रेम, उभी रील

फिल्म १६:९ मध्ये आहे आणि रील ९:१६. आडव्या फ्रेममधून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला तर रुंदीचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग हाती लागतो. फुल एचडीत १९२० पैकी जेमतेम ६०७ पिक्सेल. सीन ५ आठवा: बाई एका टोकाला, गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला. उभ्या तुकड्यात उरतो तो फक्त तराजू.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही शूटच्या आधीचे. पहिला, शूट 4K मध्ये करा. तिथे उभा तुकडा १२१५ बाय २१६० निघतो, रीलला लागणाऱ्या १०८० बाय १९२० पेक्षा मोठा, त्यामुळे चित्र ताणावं लागत नाही. दुसरा, रीलमध्ये कोणते शॉट जाणार ते आत्ताच ठरवा आणि त्यांच्यापुढे ‘उभा’ असं लिहा. ‘गिरणी’साठी मी तीन लिहीन: पीठ पडणारी कापडी नळी, बाईचा चेहरा, फोन धरलेला हात. असे शॉट घेताना ती गोष्ट फ्रेमच्या मधल्या तिसऱ्या भागात ठेवायची. सीन ५ रीलमध्ये घ्यायचाच नाही, असा निर्णय पानावर लिहून टाकला की एडिटरचा अर्धा दिवस वाचतो.

सीन ७ चा मेसेज जास्त अडचणीचा. रीलवर खाली कॅप्शन आणि अकाउंटचं नाव येतं, उजवीकडे लाइकची बटणं. मेटा जाहिरातदारांना सांगते की रीलमध्ये वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही कडांचे ६-६ टक्के मजकुरापासून मोकळे सोडा. नियम जाहिरातींसाठी असला तरी झाकलं जायचं ते आपलंही झाकलं जातं. १९२० च्या उंचीत खालून ६७२ पिक्सेल सोडायचे, म्हणजे मजकूर चित्राच्या मध्याच्या आसपासच राहतो. फोनचा क्लोजअप घेताना मेसेज फ्रेमच्या वरच्या अर्ध्यात धरला तर दोन्हीकडे वाचता येतो.

अक्षरं

मराठी फिल्मसाठी हा भाग सगळ्यात दगाबाज आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तो सापडणार नाही.

‘गिरणी’ हे नावच घ्या. देवनागरीची जोडणी न समजणाऱ्या टायटल टूलमध्ये ते टाइप केलं की पहिली वेलांटी ग च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. जोडाक्षरं असतील तर पाय मोडून एकेक अक्षर सुटं पडतं. प्रीमिअरमध्ये असं झालं तर प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` करायचं. टायटल डिझाइन करणाऱ्याकडे जुना श्रीलिपीसारखा फॉन्ट असेल तर अक्षरं चित्र म्हणून छान दिसतील, पण तोच मजकूर कॉपी करून सबटायटलमध्ये टाकला तर नुसती इंग्रजी चिन्हांची खिचडी होईल. त्यामुळे पडद्यावर येणारा प्रत्येक मराठी शब्द युनिकोडमध्ये टाइप केलेला, स्क्रिप्टसोबत एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा: नाव, श्रेयनामावली, फोनवरचे मेसेज, गिरणीवरची पाटी. त्यांची इंग्रजी भाषांतरंही तिथेच. पाटीचं भाषांतर नेहमी राहून जातं आणि फेस्टिव्हलच्या परीक्षकाला ‘आज गिरणी बंद’ कळत नाही.

सबटायटलचं तीन ठिकाणी तीन प्रकारे होतं. यूट्यूबला वेगळी एसआरटी फाइल द्या, म्हणजे बघणाऱ्याला ती बंद करता येते आणि पुढे हिंदीची जोडता येते. ही फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग `UTF-8` आहे ना ते बघा. `ANSI` राहिलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. रीलवर अक्षरं चित्रातच छापा. थिएटरच्या डीसीपीत वेगळी सबटायटल देता येतात, तरी पहिल्या फिल्मसाठी मी तिथेही इंग्रजी सबटायटल चित्रात छापूनच देतो. एकावेळी दोनच ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं.

छापलेली अक्षरं काढता येत नाहीत. म्हणून टायटल आणि सबटायटल नसलेली एक कोरी प्रत नेहमी वेगळी रेंडर करून ठेवायची. पानावर त्यासाठी एक चौकोन हवाच.

आवाज: यूट्यूब नेमकं काय करतं

आवाज साधारण −१४ एलयूएफएसच्या वर असेल तर यूट्यूब तो खाली आणतं. हळू असेल तर वाढवत नाही. एलयूएफएस म्हणजे कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप. ते पूर्ण फिल्मचं धरलं जातं, एका सीनचं नाही, आणि ‘गिरणी’त घोळ होतो तो इथेच.

सीन २ मध्ये मोटरची घरघर आहे आणि नवखा माणूस ती भरपूर चढवतो, कारण गिरणी म्हणजे आवाज. एडिट झाल्यावर माप घ्यायचं:

```
ffmpeg -i girni_master.mov -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी जो गोषवारा येतो त्यातली `I:` ही ओळ बघायची. समजा तिथे `-10.6 LUFS` आलं. म्हणजे यूट्यूब सगळी फिल्म सुमारे ३.४ डेसिबलने खाली दाबणार. मोटर दबली तर कुणाला कळणार नाही. पण त्याच हिशोबाने सीन ९ मधलं पुटपुटणंही दबतं, आणि बसमध्ये मोबाइलवर बघणाऱ्याला ओठ हलताना दिसतात, बस्स. अपलोड झाल्यावर कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडलं तर तिथे `Volume / Normalized` पुढे `100% / 68%` आणि `content loudness 3.4dB` असं दिसेल.

उपाय मिक्समध्ये आहे. मोटर खाली आणायची, म्हणजे एकूण माप −१४ च्या जवळ येतं आणि पुटपुटणं जिथे ठेवलं तिथेच राहतं. सगळ्यात मोठा क्षण −१ डेसिबल ट्रू पीकच्या खाली ठेवा, नाहीतर कॉम्प्रेस होताना आवाज फाटतो.

थिएटरात असं काही यंत्र नसतं. यूट्यूबसाठी केलेला मिक्स मोठ्या हॉलमध्ये अंगावर येतो, मग प्रोजेक्शनवाला व्हॉल्यूम खाली करतो आणि सीन ९ पुन्हा हरवतो. जमलं तर थिएटरसाठी वेगळा मिक्स करा. नाही जमलं तर निदान संवाद मधल्या स्पीकरमधून येतील असं बघा, कारण नुसत्या डाव्या-उजव्या मिक्समध्ये कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला संवाद जवळच्या भिंतीतून ऐकू येतात. यासाठी साउंड डिझायनरकडून संवाद, संगीत आणि इफेक्ट अशा तीन वेगळ्या फाइली घ्यायच्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. पैसे चुकते करायच्या आधी घ्या. सहा महिन्यांनी मागितल्या की हार्ड डिस्क गावाला गेलेली असते.

एक मास्टर, मग त्याची पिल्लं

यूट्यूबची फाइल वेगळी, डीसीपीची वेगळी असं टाइमलाइनमधून दर वेळी नवं एक्सपोर्ट करू नका. दरम्यान कुणीतरी एखादा कट हलवतो आणि तीन ठिकाणी तीन फिल्म जातात. आधी एकच मास्टर: १९२० बाय १०८०, २४ एफपीएस, प्रोरेस ४२२ एचक्यू. अकरा मिनिटांची ही फाइल साधारण साडेचौदा जीबी होते. विंडोजवर प्रोरेस निघत नसेल तर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स चालेल. बाकी सगळं या मास्टरमधून. फक्त रील 4K मूळ क्लिपांवरून कापायची.

यूट्यूबसाठी एमपी४, एच.२६४, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. या आकारासाठी यूट्यूब ८ एमबीपीएस सुचवतं, म्हणजे अकरा मिनिटांना सुमारे ६६० एमबी. मी २० ठेवतो. गिरणीत उन्हाच्या तिरिपेत पीठ उडतं, आणि असे बारीक कण कमी बिटरेटमध्ये चौकोनी ठोकळे होतात. यूट्यूब आपली फाइल पुन्हा दाबणारच आहे, तिला ठोकळेच दिले तर त्यांचे आणखी मोठे ठोकळे होतील.

फेस्टिव्हलला सुरुवातीला डीसीपी पाठवायची नसते. पासवर्ड लावलेली ऑनलाइन लिंक पुरते, इंग्रजी सबटायटल छापलेली. निवड झाल्यावर डीसीपी मागतात. ती DCP-o-matic या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरच्या घरी बनते. थिएटरचा ‘फ्लॅट’ आकार १९९८ बाय १०८० आहे, त्यामुळे आपल्या १९२० च्या दोन्ही बाजूंना ३९-३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. राहू द्या. अंधारात त्या दिसत नाहीत. पट्ट्या घालवायला चित्र मोठं केलं तर वरून-खालून प्रत्येकी वीसेक पिक्सेल कापले जातात. एन्क्रिप्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक थिएटरच्या सर्व्हरसाठी वेगळी डिजिटल किल्ली पाठवत बसावं लागेल.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: `girni_v04_1080p24_subEN.mp4`. नावात `final` लिहायची बंदी. फायनलच्या पुढे काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पाठवण्याआधी

तयार झालेली फाइल, टाइमलाइन नव्हे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा बसून बघायची. तीन गोष्टींवर लक्ष: दोन शॉटच्या मध्ये एखादी काळी फ्रेम चमकते का, शेवटच्या संवादात ओठ जुळतात का, आणि काळा रंग काळाच आहे की राखाडी झालाय. राखाडी दिसत असेल तर एक्सपोर्टमधलं डेटा लेव्हल तपासा. रील मात्र कॉम्प्युटरवर तपासू नका, खऱ्या फोनवर, ॲपमध्ये ड्राफ्ट म्हणून टाकून बघा. मेसेज बटणांखाली गेला की नाही ते तिथेच कळतं.

प्रिव्ह्यू निर्मात्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि रात्री अकराला "फिल्म धूसर का दिसतेय?" असा फोन येतो.

डीसीपी ज्या पेन ड्राइव्हवर द्यायची तो FAT32 नसावा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, आणि १०० एमबीपीएसने बनवलेल्या ‘गिरणी’ची चित्राची फाइलच आठ जीबीच्या वर जाते. कॉपी मध्येच अडकते, किंवा घाईत कुणी एरर न वाचता खिडकी बंद करतं. फेस्टिव्हलने ext3 मागितलं असेल तर तेच द्या, नसेल तर कोणता फॉरमॅट चालेल ते आधी विचारा. कॉपी झाल्यावर ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून DCP-o-matic Player मध्ये उघडा, व्हेरिफाय चालवा, आणि मगच शेवटच्या पानावरच्या ‘थिएटर’ रकान्यात तारीख घाला.